पट्टा बसला, पण घड्याळ बसलं का?

घड्याळ घेताना आपण दोन गोष्टी बघतो: तबकडी केवढी आहे आणि पट्टा पुरतो का. पट्ट्याचं काही अडत नाही. त्याला जास्तीचं भोक पाडता येतं, साखळीच्या कड्या काढता येतात. केस मात्र ना कापता येते ना वाकवता. म्हणून तिची मापं आधी पाहायला हवीत.

जाहिरातीत ठळकपणे छापलेला असतो तो केसचा व्यास. पण पट्ट्याची पिन ज्या चार शिंगांमध्ये अडकते, त्या ‘लग’च्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतची लांबी घड्याळ मनगटावर कसं बसेल हे ठरवते. सेकोच्या एसकेएक्स007 या डायव्हर घड्याळाचा व्यास सुमारे 42 मिमी, तर ही लांबी सुमारे 46 मिमी. हॅमिल्टनच्या खाकी फील्ड मेकॅनिकलचा व्यास फक्त 38 मिमी, पण लांबी 47 मिमीच्या आसपास. दिसायला लहान असलेलं घड्याळ मनगटावर जास्त जागा अडवतं, ते असं.

मनगटाचा नुसता घेर मोजूनही भागत नाही. समजा, दोघांच्या मनगटाचा घेर 16 सेंमी आहे. एकाचं मनगट गोलसर असेल तर त्याची रुंदी जेमतेम 51 मिमी भरेल. दुसऱ्याचं चपटं असेल तर ती 56 मिमीपर्यंत जाईल. 50 मिमी लांबीचं घड्याळ चपट्या मनगटावर नीट टेकेल. गोल मनगटाचा वरचा भाग मात्र कडेला लगेच उतरतो, त्यामुळे तिथे लगची टोकं अधांतरी राहतील. म्हणून घड्याळाची लांबी मनगटाच्या रुंदीपेक्षा चार-पाच मिमी कमी असावी आणि मनगट गोल असेल तर आणखी थोडी कमी.

रुंदी मोजायला हात टेबलावर पालथा ठेवा. मनगटाच्या हाडामागे, जिथे घड्याळ बांधता तिथे, दोन्ही बाजूंनी दोन पुस्तकं उभी टेकवा आणि मधलं अंतर पट्टीने मोजा. मग हव्या त्या घड्याळाच्या लांबीची कागदाची पट्टी कापून मनगटावर आडवी धरा. ती कडेबाहेर डोकावली, तर ते घड्याळ मोठंच.

दुकानात घड्याळ बांधल्यावर लगखाली पाहा. पट्टा तिथून थेट खाली उतरून कातडीला चिकटला पाहिजे. मध्ये पोकळी दिसली, तर घड्याळ दिवसभर सरकत राहील आणि पट्टा आवळला तर हात काचेल. धातूच्या साखळीची पहिली कडी ताठ असेल तर तीही लांबीत धरा. याउलट लग खाली वळलेले असतील तर एक-दोन मिमी जास्त चालून जातात.

मोबाइलने जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ असतं त्याहून मोठं दिसतं. त्यापेक्षा आरशासमोर दोन पावलं मागे उभं राहून पाहा. आणि ऑनलाइन मागवताना लग ते लग लांबी दिलेली नसेल, तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय पैसे भरू नका.