चमकी, साबण आणि वीस सेकंद

‘हात धुतलेस का?’ असं विचारल्यावर चार-पाच वर्षांचं मूल ‘हो’ म्हणतं, तेव्हा ते खोटं बोलत नसतं. त्याने नळाखाली बोटं धरलेली असतात, ती ओली झालेली असतात आणि चड्डीला पुसून कोरडीही झालेली असतात. हात धुणं म्हणजे हाताला लागलेला चिखल किंवा भाजीचा रस्सा काढणं, एवढंच त्याला ठाऊक असतं. चिखल दिसत नसेल, तर साबण कशासाठी? मोठी माणसं उत्तर देतात, ‘जंतू असतात.’ पण जे दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा, हा त्या वयातला खरा प्रश्न असतो. तो सोडवण्यासाठी बालवाडीत, अंगणवाडीत किंवा पहिलीच्या वर्गात चार दिवसांचा एक छोटा पाठ घेता येतो. राखीवर किंवा भेटकार्डावर चिकटवतात ती चमकी हे त्याचं मुख्य साहित्य.

पहिल्या दिवशी फक्त गप्पा. जंतू इतके लहान असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, ते सगळीकडे असतात आणि सगळेच वाईट नसतात, एवढं सांगितलं तरी पुरे. दुधाचं दही जंतूच करतात, हे मुलांना आवडतं आणि पटतंही. काही जंतू मात्र पोटात गेले की जुलाब होतात, काहींमुळे सर्दी-खोकला होतो, आणि तोंडा-नाकापर्यंत पोचायला त्यांना सर्वांत सोयीची वाट म्हणजे आपला हात. राक्षसांची चित्रं दाखवून घाबरवू नये. घाबरलेलं मूल साबणाकडे वळत नाही, ते शी-शू झाल्याचंच लपवू लागतं.

चमकी हातोहात

दुसऱ्या दिवशी प्रयोग. वर्गात वीस मुलं आहेत असं धरू. बाईंनी आपल्या उजव्या तळव्यावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब चोळावेत आणि त्यावर अर्धा चहाचा चमचा बारीक चमकी पसरावी. मग पहिल्या मुलाशी हस्तांदोलन करायचं. त्याने त्याच हाताने दुसऱ्याशी, दुसऱ्याने तिसऱ्याशी, अशी साखळी शेवटपर्यंत न्यायची. मुलांनी हात उघडून पाहिले की पहिल्या काहींचे तळवे लखलखतात, पुढच्यांवर ठिपके दिसतात आणि त्याहून पुढे एखाद-दुसरा कण सापडतो. बाईंनी चमकी लावली ती एकाच हाताला, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून तो एखादा कणही मुलांना फार मोठा वाटतो.

मग मुलांना पाच मिनिटं नेहमीसारखं वागू द्यावं. पेन्सिल घ्यावी, पुस्तक उघडावं, पाण्याच्या पिंपाजवळ जावं. त्यानंतर खिडक्या लावून, टॉर्चचा उजेड आडवा टाकत शोधाशोध करायची. चमकी दाराच्या कडीवर सापडते, पिंपाच्या तोटीवर आणि शेजाऱ्याच्या दप्तरावर सापडते, आणि हमखास कुणाच्या तरी ओठाशी किंवा नाकाच्या शेंड्यावर सापडते. ‘मी तोंडाला हात लावलाच नाही,’ असं ते मूल ठामपणे सांगतं. इथे बाईंनी रागवायचं नाही. आपण दिवसभर नकळत तोंडाला हात लावत असतो, हे त्या एका कणाने वर्गाला दाखवलेलं असतं.

इथे थोडी खबरदारी हवी. चमकी डोळ्यांत गेली तर बुबुळाला इजा होऊ शकते. म्हणून काच किंवा धातूची चमकी वापरू नये, सौंदर्यप्रसाधनासाठी मिळणारी बारीक चमकी घ्यावी, आणि प्रयोग संपेपर्यंत डोळे चोळायचे नाहीत हे आधीच बजावावं. बहुतेक चमकी प्लॅस्टिकची असते. ती गटारात जाऊ नये म्हणून हात घमेल्यात धुवावेत आणि ते पाणी जुन्या सुती कापडातून गाळावं.

तीन रांगा

तिसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाच्या दोन्ही तळव्यांवर एक थेंब तेल आणि चिमूटभर चमकी चोळायला द्यावी आणि तीन रांगा कराव्यात. पहिल्या रांगेने हात फक्त कोरड्या कापडाला पुसायचे. दुसरीने नुसत्या पाण्याने धुवायचे. तिसरीने साबण लावून वीस सेकंद चोळायचे आणि मग धुवायचे. शेवटी सगळे हात एका टेबलावर, शेजारी शेजारी.

पुसलेल्या हातांवर चमकी इकडची तिकडे झालेली असते आणि कापड चमकत असतं. पाण्याने धुतलेल्या हातांवर थोडी कमी, पण सहज दिसेल इतकी असते. साबणाच्या रांगेतले हात बहुतेक स्वच्छ असतात. याचं कारण मुलांना त्यांच्या ताटातूनच सांगता येतं. शाळेत जेवण झाल्यावर आमटीची तेलकट तर्री नुसत्या पाण्याने निघते का? निघत नाही, कारण तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत. आपल्या कातडीवरही तेलाचा पातळ थर असतो आणि घाण, जंतू त्यात अडकून बसतात. साबणाच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. त्यामुळे चोळताना तेल सुटतं आणि पाण्याबरोबर वाहून जातं, त्यातले जंतूही जातात. काही विषाणूंभोवती तेलकट वेष्टन असतं, ते तर साबणाने फाटतं.

हा प्रयोग फसतो तो दोन ठिकाणी. तेल न लावता कोरडी चमकी वापरली तर ती नुसत्या पाण्यानेही बरीचशी जाते आणि मुलं नेमका उलटा धडा घेतात, की पाणी पुरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या रांगेत फरक दिसला नाही तर तेल कमी पडलं असं समजावं. याउलट तेल आणि चमकी भरमसाट झाली तर साबणही हरतो. तेव्हा थेंब आणि चिमूट यांचं माप आदल्या दिवशी स्वतःच्या हातावर बसवून घ्यावं.

चमकीऐवजी हळद वापरावी, असंही सुचवलं जातं. हळद स्वस्त आहे, प्लॅस्टिकची नाही आणि साबणाची वडी लागताच लालसर होते, त्यामुळे मुलांना गंमत वाटते. पण ती कातडीवर पिवळा डाग सोडते. नीट धुतलेला हातही पिवळाच राहतो आणि साबण कुचकामी आहे असा मुलांचा समज होतो. बशीतल्या पाण्यावर मिरपूड टाकून साबणाचं बोट बुडवण्याचा प्रयोगही लोकप्रिय आहे. मिरपूड कडेला पळते, ती पाण्याच्या पृष्ठभागावरचा ताण बदलल्यामुळे. मुलं मात्र त्यातून ‘साबण पाहून जंतू पळतात’ असं शिकतात आणि चोळणं विसरतात. चमकी चोळल्याशिवाय जात नाही, म्हणून तीच बरी.

उरलेली चमकी काय सांगते

साबणाने धुतलेले हात टॉर्चखाली पुन्हा पाहिले की या पाठातली सर्वांत मोलाची गोष्ट हाती येते. तळवे लख्ख असतात, पण अंगठ्याच्या मुळाशी, बोटांच्या फटींत, नखांच्या कडेला चमकी बसलेली असते. हे केवळ मुलांचं नाही. १९७८ साली ब्रिटनमध्ये परिचारिकांच्या हात धुण्याचा अभ्यास झाला, तेव्हाही सुटून जाणाऱ्या जागा प्रामुख्याने याच निघाल्या : अंगठे, बोटांची टोकं आणि बोटांमधल्या फटी. नेमक्या याच बोटांनी आपण घास उचलतो. प्रत्येक मुलाला कागदावर स्वतःचा पंजा आखायला सांगावा आणि जिथे चमकी उरली तिथे लाल खडूने ठिपके द्यायला सांगावेत. कुठे चोळायचं हे मग त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

चौथ्या दिवशी गाणं. वीस सेकंद म्हणजे किती, हे लहान मुलाला घड्याळातून कळत नाही, म्हणून गाणंच घड्याळ करायचं. त्याच्या ओळींचा क्रम हात चोळण्याच्या क्रमाप्रमाणे असावा :

साबण घेऊ, फेस करू,
तळव्यावर तळवा धरू.
पाठीवरती हात फिरे,
फटीफटीत बोट शिरे.
अंगठेबुवा, मुठीत या,
गोल गोल फिरून घ्या.
नखं घासू तळव्यावर,
मनगट चोळू, मग नळावर!

एका ओळीला अडीच सेकंद, म्हणजे आठ ओळींना वीस. अंगठ्याच्या पहिल्या ओळीला एक अंगठा, दुसरीला दुसरा. नळ शेवटच्या शब्दालाच उघडायचा, म्हणजे पाणीही वाया जात नाही. मुलं दोन दिवसांत गाणं पळवू लागतात आणि बारा सेकंदांत मोकळी होतात. अशा वेळी बाईंनी संथ टाळीचा ठेका धरावा, किंवा सरळ दोनदा म्हणायला लावावं. नळ नसेल तर एकाने तांब्याने पाणी ओतावं आणि दुसऱ्याने हात धुवावेत. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवले तर एकाच्या हातावरचं दुसऱ्याच्या हातावर जातं.

चमकी गेल्यानंतर

या प्रयोगाला एक मर्यादा आहे आणि ती दूर केल्याशिवाय पाठ संपवू नये. बारीक चमकीच्या एका कणाच्या रुंदीवर शेकडो जीवाणू ओळीने मावतील. मुलाने मात्र चमकी म्हणजेच जंतू असं धरलेलं असतं, म्हणून चमकी दिसत नाही तेव्हा जंतूही नाहीत, असा त्याचा हिशोब होतो. अखेरीस मूल जिथून निघालं तिथेच येतं. म्हणून हात दिसायला कसे आहेत यापेक्षा ते आता कुठून आले आणि पुढे कुठे जाणार, हे विचारायची सवय लावावी. संडासातून आले? मातीत खेळून आले? घासाकडे निघाले? मग धुवायचे, दिसोत वा न दिसोत. अशा चार-पाच प्रसंगांची चित्रं मुलांकडूनच काढून घेऊन नळाजवळ लावावीत.

साबण कोणता, हेही पालक विचारतात. कराचीच्या गरीब वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्या घरांना साबण देऊन हात धुण्याची सवय लावली, तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधला न्यूमोनिया निम्म्यावर आला आणि मुलांमधले जुलाबही निम्म्याहून अधिक घटले. साधा साबण आणि जंतुनाशक साबण यांत फरक आढळला नाही. तेव्हा महागड्या साबणाची वाट पाहण्याचं कारण नाही.

पाठ यशस्वी झाला की नाही, हे मुलांनी गाणं पाठ म्हटलं यावरून ठरवू नका. नळाजवळ, मुलांचा हात पोचेल अशा उंचीवर, साबणाची नवी वडी जाळीच्या पिशवीत बांधून ठेवा आणि दोन आठवड्यांनी पाहा. ती झिजली असेल तर मुलं शिकली. तशीच कोरडी असेल तर चमकीची बाटली पुन्हा काढा.