‘पैसे भरा’ दाबल्यावर अडतं कुठे?

दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन दुकानात ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं, की कधीकधी चक्र फिरतच राहतं. आपण इंटरनेटला दोष देतो. पण बऱ्याचदा अडलेलं असतं दुकानाच्या डेटाबेसमध्ये, तेही एखाद्याच ओळीपाशी.

समजा, दुकानाच्या साठ्याच्या तक्त्यात 41 क्रमांकाच्या ओळीत आकाशकंदील आहे आणि 87 क्रमांकाच्या ओळीत उटणं. ऑर्डर नोंदवताना दोन्ही ओळींतला साठा कमी करायचा असतो. हे सगळं मिळून एक व्यवहार, म्हणजे ट्रान्झॅक्शन: झालं तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. मायएसक्यूएलमध्ये व्यवहार ज्या ओळीला हात लावतो तिच्यावर कुलूप बसतं, आणि ते व्यवहार संपेपर्यंत निघत नाही. हे कुलूप हवंच. नाहीतर शेवटचा एकच कंदील दोघांना विकला जाईल.

आता एका ग्राहकाच्या टोपलीत आधी कंदील आहे, मग उटणं. दुसऱ्याच्या टोपलीत आधी उटणं, मग कंदील. पहिल्याच्या व्यवहाराने 41 ला कुलूप लावलं, त्याच क्षणी दुसऱ्याच्या व्यवहाराने 87 ला. मग पहिला 87 साठी थांबला आणि दुसरा 41 साठी. कोणीच हलू शकत नाही. हाच डेडलॉक.

डेडलॉक हे नाव धडकी भरवणारं असलं, तरी त्याचा बंदोबस्त डेटाबेस स्वतःच करतो. कोण कोणासाठी थांबलंय याचा हिशेब मायएसक्यूएल ठेवत असतं. त्यात वर्तुळ दिसलं, की ज्याने कमी ओळी बदलल्या असतील असा व्यवहार साधारणपणे रद्द होतो आणि प्रोग्रामला 1213 क्रमांकाची चूक कळवली जाते. तो व्यवहार पहिल्यापासून पुन्हा चालवायचा, एवढंच काम उरतं. मुळात डेडलॉक टाळायचा असेल, तर टोपलीतल्या वस्तू क्रमांकानुसार लावून घ्याव्यात. सगळेच आधी 41 आणि मग 87 घेऊ लागले, की या दोन ओळींवर वर्तुळ तयार होत नाही.

माझ्या मते, दुकानाचं खरं नुकसान होतं ते लांबलेल्या कुलपाने. इथे वर्तुळ नसतं, त्यामुळे डेटाबेसला वावगं काही दिसत नाही. समजा, प्रोग्रामने 41 चा साठा कमी केला आणि व्यवहार उघडाच ठेवून बँकेच्या उत्तराची वाट पाहिली. उत्तर यायला 3 सेकंद लागत असतील, तर मिनिटाला जेमतेम 20 कंदील विकले जातील. सर्व्हर कितीही वाढवले, तरी हा आकडा हलत नाही. बँक मंदावून 20 सेकंद घेऊ लागली, तर एकाच वेळी आलेल्या ग्राहकांपैकी तिसऱ्याला 40 सेकंदांनी कुलूप मिळेल, चौथ्याला मिळणारच नाही. कारण मायएसक्यूएल मूळ मांडणीत 50 सेकंद वाट पाहून 1205 ही चूक परत करतं. दरम्यान थांबलेला प्रत्येक ग्राहक डेटाबेसची एकेक जोडणी अडवून बसतो. जोडण्या संपल्या, की ज्याला कंदील नकोच आहे त्याचंही पान उघडत नाही.

या 1205 मध्ये एक खाच आहे. डेडलॉकमध्ये अख्खा व्यवहार रद्द होतो. इथे मूळ मांडणीनुसार फक्त शेवटची आज्ञा रद्द होते. आधीचे बदल आणि त्यांची कुलपं तशीच राहतात. प्रोग्रामने चूक गिळून पुढे व्यवहार पक्का केला, तर ऑर्डर नोंदली जाते आणि साठा मात्र कमी होत नाही. म्हणून 1205 आली, की `ROLLBACK` स्वतः द्यायलाच हवा.

गुन्हेगार शोधतानाही फसगत होते. `SHOW PROCESSLIST` मध्ये ताटकळलेल्या आज्ञा ठळक दिसतात. कुलूप धरून बसलेल्या जोडणीपुढे मात्र `Sleep` लिहिलेलं असतं, कारण ती बँकेची वाट पाहतेय आणि डेटाबेसकडे काहीच मागत नाहीये. कोणामुळे कोण अडलंय ते `sys.innodb_lock_waits` सांगतं.

उपाय असा, की बँकेशी बोलताना हातात एकही कुलूप नसावं. आधी छोट्या व्यवहारात वस्तू राखून ठेवायची:

```sql
UPDATE products SET stock = stock - 1
WHERE id = 41 AND stock >= 1;
```

एकही ओळ बदलली नाही, तर माल संपला. बदलली, तर ‘पैसे यायचे आहेत’ अशी ऑर्डर त्याच व्यवहारात नोंदवून लगेच `COMMIT` करायचं. एवढ्याला काही मिलिसेकंद पुरतात. मग बँकेकडे जायचं आणि उत्तर आल्यावर दुसऱ्या छोट्या व्यवहारात ऑर्डर पक्की करायची किंवा साठा परत वाढवायचा.

यात नवी जबाबदारी येते. पैसे न भरता निघून गेलेल्यांचे कंदील ठरावीक मुदतीनंतर सोडवणारं काम वेगळं चालवावं लागतं. मुदत उलटल्यावर बँकेचा होकार आला आणि तोवर माल संपलेला असेल, तर पैसे परत करण्याची सोयही आधीच करून ठेवावी लागते.