शहर वाढलं की हद्द?

२०२० च्या जानेवारीत एक बातमी सगळीकडे फिरली. जगात सर्वांत वेगाने वाढणारं शहर म्हणजे केरळमधलं मलप्पुरम. २०१५ ते २०२० मधली वाढ ४४.१ टक्के! मुंबई-दिल्ली बाजूलाच राहिल्या. मलप्पुरमच्या लोकांनाही नवल वाटलं असेल.

मूळ जनगणनेत आहे. २००१ मध्ये मलप्पुरम नागरी समूहाची लोकसंख्या होती सुमारे १ लाख ७० हजार, २०११ मध्ये सुमारे १७ लाख. दहा वर्षांत दहापट. पण शेजारीच जिल्ह्याचा आकडा ठेवून पाहा. अख्खा जिल्हा याच काळात ३६.२५ लाखांवरून ४१.१३ लाखांवर गेला, म्हणजे वाढला जेमतेम पाच लाखांनी. मग त्यातलं एक शहर पंधरा लाखांनी कसं वाढेल?

माणसं आली नव्हती, रेघ सरकली होती. गावात किमान पाच हजार वस्ती, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी पाऊणजण शेतीबाहेर, एवढं जमलं की जनगणना त्याला शहर मानते; तिथे नगरपालिका नसली तरी. केरळात घराला घर लागून गावं पसरलेली. २०११ मध्ये अशी कितीतरी गावं एकदम शहरी ठरली आणि मलप्पुरमच्या समूहात मोजली गेली. लोक होते तिथेच राहिले.

असा आकडा हाती आला की पत्रकाराने जनगणना कार्यालयाला ई-मेल टाकावी. ‘वाढ खरी आहे का?’ असं मोघम विचारलं तर ‘प्रसिद्ध आकडे अधिकृत आहेत’ असं उत्तर येण्याचीच शक्यता जास्त. ते खोटंही नसतं. म्हणून असं लिहावं:

‘२००१ आणि २०११ चे आकडे एकाच हद्दीचे आहेत का? नसल्यास, २०११ च्या हद्दीत जी गावं-शहरं येतात त्या सगळ्यांची २००१ मधली मिळून लोकसंख्या किती? नव्याने आलेल्या गावांची यादी आणि दोन्ही वर्षांचं क्षेत्रफळही कळवावं.’

यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. आजची हद्द मागच्या मोजणीवर टाकली की खरी वाढ उरते. उत्तर आलं नाही तरी यादी मिळाल्यावर गावनिहाय आकड्यांची बेरीज आपल्यालाही करता येते. फक्त मधल्या काळात गाव फुटलंय का, दुसऱ्यात मिसळलंय का, हे तपासायचं. नाहीतर बेरीज चुकते.

हे आपल्या दाराशीही येणार आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं आली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची पुढे बाहेरही गेली. २०२७ च्या जनगणनेचे आकडे आले की पुण्याच्या वाढीचे मथळे झळकतील. तेव्हा छापण्याआधी ती ई-मेल जरूर पाठवा.