गाडी कर्जावर की रोखीने? नागझिऱ्याच्या जिप्सीचा हिशेब

मागच्या उन्हाळ्यात नागझिऱ्याजवळच्या एका गावातून फोन आला. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, घरी धानाची शेती. तिरोड्याकडच्या चोरखमारा गेटवर दोन वर्षं दुसऱ्याची सफारी जिप्सी चालवलेली, आता स्वतःची घ्यायची होती. मारुतीने जिप्सी बनवणं 2018-19 च्या सुमारास बंद केलं, त्यामुळे सेकंडहँडच घ्यावी लागणार. कागदपत्रं, टायर, किरकोळ काम सगळं धरून सहा लाखांना पडत होती. हातात सात लाख होते, जमिनीच्या वाटणीतून आलेले.

तो म्हणाला, "सर, मी रोख देणार होतो. पण एका व्हिडिओत बघितलं, रोख देणारा मूर्ख. कर्ज काढायचं आणि सहा लाख एफडीत टाकायचे, पाच वर्षांनी कर्जाचं व्याज वजा जाऊन 84 हजार उरतात म्हणे. खरं आहे का?"

मी म्हटलं, आकडे बरोबर आहेत, हिशेब चूक आहे. हे नीट समजून घ्या, कारण ही चूक चांगले शिकलेले लोकही करतात.

व्हिडिओतला हिशेब असा. सहा लाखांचं कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता बसतो महिना 12,748 रुपये. साठ हप्त्यांत एकूण व्याज जातं सुमारे 1 लाख 65 हजार. तिकडे सहा लाखांची एफडी 7 टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, पाच वर्षांत होते 8 लाख 49 हजार, म्हणजे व्याज 2 लाख 49 हजार. वजाबाकी केली की 84 हजार उरतात. 10 टक्क्यांनी कर्ज काढून 7 टक्क्यांनी गुंतवायचं आणि वर नफा! ऐकायला जादूच वाटते.

आता मला सांगा, तो 12,748 रुपयांचा हप्ता दर महिन्याला कुठून येतो? एफडीतून येत नाही, तिला तर आपण हात लावलेला नाही. तो येतो गाडीच्या कमाईतून, तुमच्या खिशातून. म्हणजे कर्जवाला पाच वर्षांत स्वतःच्या कमाईतले 7 लाख 65 हजार वेगळे घालतोय. रोख देणाऱ्याला हप्ताच नाही, मग त्याच्या खिशात तेच 12,748 दर महिन्याला शिल्लक राहतात. व्हिडिओवाल्याने हे पैसे हिशेबातच धरले नाहीत. जणू रोखवाला ते दर महिन्याला चहा-टपरीवर उडवतो!

तेव्हा दोघांना सारखं वागवा. रोखवाल्यालाही तेच 12,748 रुपये दर महिन्याला त्याच 7 टक्क्यांच्या आरडीत टाकू द्या. पाच वर्षांनी त्याच्याकडे जमतात 9 लाख 12 हजार. कर्जवाल्याकडे एफडीचे 8 लाख 49 हजार. गाडी दोघांकडे तीच, तेवढीच जुनी झालेली. (गाडीची किंमत उतरते हा मुद्दा लोक इथे मध्येच आणतात. ती दोन्हीकडे सारखीच उतरते, या तुलनेत तिचं काही काम नाही.) म्हणजे रोखवाला साधारण 63 हजारांनी पुढे. प्रोसेसिंग फी वगैरे अजून धरलेलीच नाही.

त्याने लगेच विचारलं, "आणि एफडीऐवजी म्युच्युअल फंड?" बरोबर प्रश्न आहे. दर वर्षी 12 टक्के मिळाले असं समजा. कर्जवाल्याचे सहा लाख होतात 10 लाख 57 हजार, रोखवाल्याची एसआयपी होते 10 लाख 24 हजार. इथे कर्जवाला 33 हजारांनी पुढे. पण बघा, पाच वर्षं बाजाराची जोखीम घेऊन, गाडी बँकेकडे गहाण ठेवून मिळाले तेहतीस हजार, आणि तेही बाजाराने 12 टक्के दिले तर. नफ्यावर कर लागला तर त्यातलेही बरेच जातात, कारण कर्जवाल्याचा नफा मोठा असतो. साधं गणित एवढंच: करानंतरची गुंतवणुकीची कमाई कर्जाच्या खऱ्या व्याजदरापेक्षा जास्त असेल, तरच कर्ज काढून गुंतवण्यात अर्थ आहे. एफडीचा दर गाडीच्या कर्जापेक्षा कमीच असतो, म्हणून एफडी ठेवून कर्ज काढणं म्हणजे बँकेला स्वतःचेच पैसे देऊन तेच महाग भावाने परत घेणं.

"खऱ्या व्याजदरापेक्षा" हा शब्द मी मुद्दाम वापरला. जुन्या गाडीला बँका सहजासहजी कर्ज देत नाहीत, दिलं तर दर जास्त. मग फायनान्सवाला येतो. या मुलाला एकाने सांगितलं होतं, "फक्त 7 टक्के, भाऊ." मी विचारलं, फ्लॅट की घटत्या शिलकीवर? त्याने विचारलंच नव्हतं. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण सहा लाखांवर व्याज, तुम्ही अर्धं कर्ज फेडलं असलं तरी. 7 टक्के फ्लॅटने पाच वर्षांचं व्याज 2 लाख 10 हजार, हप्ता 13,500. मोबाईलवरच्या शीटमध्ये हे टाकून बघा:

```
=RATE(60,-13500,600000)*12
```

उत्तर येतं साडेबारा टक्के. सात नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना माहितीपत्रक द्यावं लागतं, त्यात फीसकट वार्षिक दर, म्हणजे एपीआर, लिहिलेला असतो. सही करायच्या आधी ते मागा. तोंडी सांगितलेला दर आणि त्या कागदावरचा दर शेजारी ठेवून बघा.

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, सरळ रोखच द्यावी. थांबा. नागझिऱ्यात अजून एक भानगड आहे, आणि माझ्या मते या मुलाचा खरा प्रश्न तोच होता.

पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असतं. ऑक्टोबरात उघडतं. म्हणजे वर्षातले साधारण तीन महिने गाडी अंगणात उभी. आणि गोंदिया धानाचा जिल्हा, रोवणी नेमकी त्याच महिन्यांत. मजुरी, खत, चिखलणी, सगळा खर्च जुलै-ऑगस्टात. धानाचे पैसे हातात येणार दिवाळीनंतर. बँकेचा हप्ता मात्र पाच तारखेला कापला जाणारच, जंगल उघडं असो की बंद. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो, आणि सिबिल स्कोअर घसरतो तो वेगळाच.

रोखवाल्याला हे टळतं. त्याने नऊ महिनेच पैसे बाजूला टाकायचे, महिना 17,000. वर्षाचे होतात 1 लाख 53 हजार, बारा हप्त्यांएवढेच. पावसाळ्यात त्याच्याकडे कुणी मागायला येत नाही. ही मोकळीक व्याजाच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही, पण हंगामी धंद्यात तीच सगळ्यात महत्त्वाची.

पण रोखीचाही एक सापळा आहे. सातातले सहा दिले, उरला एक लाख. हा मुलगा गाडी घेणार होता मे महिन्यात, गर्दी बघून. मी त्याच्याबरोबर फोनवर हिशेब मांडला: मे आणि जूनमध्ये गेटवर गाडीची नोंद, कागद, नंबर लागेपर्यंतच बरेच दिवस जाणार. मग लगेच जंगल बंद. तीन महिने घरखर्च पंधरा हजारांनी 45 हजार, रोवणी 35 हजार, गाडीचं क्लच किंवा टायरचं काम निघालं तर 30 हजार. झाले 1 लाख 10 हजार. पहिली सफारी नीट लागायच्या आधीच तिजोरी रिकामी, आणि मग गावातून शेकडा दोन रुपये महिना दराने उसने. शेकडा दोन महिना म्हणजे वर्षाला 24 टक्के. 10 टक्क्यांचं कर्ज टाळायला निघालो आणि 24 च्या दारात उभे राहिलो, असं व्हायचं.

म्हणून मी त्याला म्हटलं, रोखच दे, पण मे मध्ये नको, सप्टेंबरात घे. तोवर सात लाख लिक्विड ठेव, रोवणी मजुरीच्या गाडीच्या पगारातून काढ. उभ्या गाडीचा मालक पावसाळ्यात भावालाही थोडा नरम असतो. समोर नऊ महिन्यांचा हंगाम आणि हातात पूर्ण लाख. मे मध्येच घ्यायची वेळ आली असती, तर दोन लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी घे म्हणालो असतो. 10 टक्क्यांनी हप्ता साधारण 6,450, एकूण व्याज 32 हजार. हातात तीन लाख राहतात. ते व्याज म्हणजे पावसाळ्याचा विमा समजायचा.

तुमच्याकडे मुळात दीड-दोन लाखच असतील तर ही सगळी चर्चा तुमच्यासाठी नाही, कर्ज काढावंच लागेल, फक्त दर नीट तपासा आणि पावसाळी महिन्यांत हप्ता कमी ठेवता येतो का ते विचारा. आणि तुमचं किराणा दुकान असेल, सहा लाखांचा माल वर्षात चारदा फिरून खर्च जाऊन वीस टक्के सोडत असेल, तर गाडीला कर्ज आणि पैसा दुकानात, हे बरोबर. तिथे तुमची कमाई खरोखर 10 च्या वर आहे. हे दुकानाच्या वहीतून दाखवता आलं पाहिजे, अंदाजाने नाही.

रोख म्हणजे नोटांची थप्पी नव्हे, हेही सांगून ठेवतो. एका व्यवहारात 2 लाख किंवा जास्त रक्कम नोटांनी स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड घेणाऱ्यावर बसतो. पैसे खात्यातूनच द्या. आणि आरसीवर आधीच्या मालकाच्या कर्जाचा बोजा आहे का ते बघा. असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका.

त्याने सप्टेंबरात गाडी घेतली, पैसे खात्यातून दिले. आरडी काढली नाही, वेगळं बचत खातं उघडलं, कारण दर महिन्याला सारखे सतरा हजार निघतील याची त्याला खात्री नव्हती. दिवाळी आणि नाताळात बावीस-बावीस हजार गेले, जानेवारीच्या शेवटी नऊच. जूनमध्ये मोजले तेव्हा 1 लाख 38 हजार होते. त्यातले 31 हजार क्लच आणि मागच्या टायरांना लागले, रोवणीला काही काढावे लागले. बाकीच्याची त्याने एक वर्षाची एफडी केलीय.