पाडव्याच्या पोस्टमधलं ‘नववर्ष’

ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतल्या दुकानांच्या शुभेच्छा-पोस्ट काही वर्षं मी जमवतो आहे. बहुतेकांचा मूळ मजकूर इंग्रजीत लिहिलेला असतो. दिवाळी पाडव्याला त्यांतलं एक वाक्य हमखास भेटतं : ‘हॅपी दिवाळी अँड अ प्रॉस्परस न्यू इयर’. मराठीत ते ‘शुभ दीपावली व समृद्ध नववर्षाच्या शुभेच्छा’ होऊन येतं. व्याकरणात चूक नाही, पण मराठी वाचक अडखळतो. हे नवं वर्ष कुणाचं?

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला गुजराती विक्रम संवत बदलतो. मराठी वर्ष मात्र चैत्रात, गुढीपाडव्याला सुरू होतं. डोंबिवलीत तर १९९९पासून नववर्ष स्वागतयात्रा त्याच दिवशी निघते. अशा गावात कार्तिकात ‘नववर्ष’ म्हटलं की ही शुभेच्छा आपल्यासाठी लिहिलेली नाही, हे वाचक लगेच ओळखतो.

मग करायचं काय? आधी शब्द बाजूला ठेवून मूळ वाक्य काय साधतं ते पाहावं. घरोपयोगी वस्तूंच्या एखाद्या दुकानाचं उदाहरण घेऊ. ‘नवं वर्ष, नवी सुरुवात’ असं म्हणून दुकानदार दोन गोष्टी साधतो : घरच्यासारखी जवळीक, आणि आज काही नवं घ्यायला निमित्त. मराठी घरात पाडव्याला ही दोन्ही कामं ओवाळणी करते. बायको नवऱ्याला ओवाळते आणि तो ताटात काहीतरी घालतो. म्हणून मजकूर असा होऊ शकतो : ‘ताटात काय घालायचं, ठरलं का? पाडव्याच्या शुभेच्छा!’ नववर्ष गेलं, समृद्धीही गेली. चिमटा आणि निमित्त राहिलं. चित्रही बदलावं लागतं. सुट्या पणतीऐवजी निरांजनाचं ताट हवं, नाहीतर ‘ताटात’ हा शब्द अधांतरी राहतो.

इथे एक अडचण आहे. हा मजकूर फक्त नवऱ्याशी बोलतो. काही घरांत मुलगी वडिलांना ओवाळते, तर कुठे जोडीदार हयात नसतो. ‘आज तुमच्याकडे ओवाळणार कोण, आणि ताटात पडणार काय?’ असं केलं की दार थोडं रुंद होतं. तरी एकट्या माणसाला ते लागत नाही, हे मान्य करून पुढे जावं. गुजराती गिऱ्हाइकांसाठी नववर्षाची पोस्ट वेगळी ठेवावी. दोघांना एकाच वाक्यात बसवलं की ते कुणाचंच राहत नाही.

सवलत, मुदत आणि अटी मात्र जशाच्या तशा ठेवाव्यात. तारीख पंचांगात पाहावी : २०२२मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं आणि पाडवा २६ला. आदल्या वर्षीच्या अंदाजाने वेळ लावलेली पोस्ट अशा वेळी एक दिवस आधीच पडते.

शेवटची परीक्षा सोपी आहे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला पोस्ट वाचायला द्यावी आणि विचारावं, कोण कुणाशी बोलतंय? ‘दुकानवाला आमच्याशी’ असं उत्तर आलं तर काम झालं. ‘कंपनी सगळ्यांशी’ असं आलं, तर आपण फक्त शब्दच बदलले.