निकालाआधी ऑप्शन का महागतात?

4 जून 2024 रोजी लोकसभेचे निकाल येत असताना निफ्टी 5.93 टक्क्यांनी कोसळला. आदल्याच दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर तो तीन टक्क्यांहून जास्त चढला होता. बाजार कुठल्या दिशेला जाईल हे कुणालाच ठाऊक नव्हते. मात्र तो जोरात हलणार, हे धरून ऑप्शनचे भाव आधीच चढले होते. एप्रिलच्या उत्तरार्धात 10च्या आसपास उतरलेला इंडिया व्हिक्स मे संपताना 20च्या वर होता.

व्होलॅटिलिटी, म्हणजे भावातली अस्थिरता, दोन तऱ्हांनी मोजतात. हिस्टॉरिकल व्होलॅटिलिटी घडून गेलेल्या दिवसांची असते: गेल्या 20 किंवा 30 दिवसांतले रोजचे चढउतार घ्यायचे आणि त्यांचे प्रमाण विचलन काढायचे. वर्षाला साधारण 252 व्यवहाराचे दिवस असतात. त्याचे वर्गमूळ जवळपास 16, म्हणून रोजच्या आकड्याला 16ने गुणले की वार्षिक टक्केवारी मिळते.

इम्प्लाइड व्होलॅटिलिटीचा, बाजाराच्या भाषेत आयव्हीचा, हिशेब उलटा चालतो. ऑप्शनचा स्ट्राइक, मुदत, व्याजदर आणि निफ्टीचा भाव माहीत असतो. प्रीमियम समोरच दिसतो. मग तेवढा प्रीमियम यायला पुढे किती अस्थिरता धरावी लागेल, हे सूत्रातून शोधून काढायचे. इंडिया व्हिक्सही निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून पुढच्या 30 दिवसांचा असाच अंदाज देतो.

समजा, निफ्टी एरवी रोज एक टक्का हलतो आणि निकालाच्या दिवशी पाच टक्के हलेल असा अंदाज आहे. मुदतीला 20 दिवस उरले असतील, तर 19 दिवसांचा वर्ग प्रत्येकी 1 आणि एका दिवसाचा 25, एकूण 44. याची सरासरी काढून वर्गमूळ घेतले आणि 16ने गुणले की आयव्ही सुमारे 24 टक्के येते. पाचच दिवस उरल्यावर तोच हिशेब 38च्या पुढे जातो. भीती तेवढीच असते, पण तो एक दिवस वाटून घ्यायला शांत दिवस कमी उरतात. या काळात हिस्टॉरिकल आकडा मात्र 16वरच रेंगाळतो, कारण निकाल अजून त्याच्या खिडकीत आलेलाच नसतो.

शिवाय अशा वेळी विमा म्हणून पुट घेणारे वाढतात आणि विकणारे जोखमीचा जास्त मोबदला मागतात. त्यामुळे आयव्ही बहुतेक वेळा प्रत्यक्ष चढउतारापेक्षा थोडी वरच राहते.

निकाल लागला की पाच टक्क्यांचा तो दिवस पुढच्या हिशेबातून गळतो आणि आयव्ही धपकन खाली येते. म्हणूनच चढ्या भावाने कॉल घेतलेल्याचा दिशेचा अंदाज बरोबर ठरूनही पैसे बुडू शकतात: निफ्टी दोनच टक्के वर गेला, तर प्रीमियममधली घट त्या फायद्याला खाऊन टाकते. हिस्टॉरिकल आकड्याचे याच्या उलट होते. निकालाचा दिवस त्यात आता दाखल होतो आणि 20 दिवसांच्या खिडकीतून बाहेर पडेपर्यंत तो आकडा फुगलेलाच राहतो.