पत्रातले शब्द आणि उंबरठ्यावरची भाषा

कल्याण सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेल्या गाडीला पहिले स्थानक लागते ते शहाडचे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या ज्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले, ती वस्ती शहाडला लागूनच आहे. रेयॉनच्या कारखान्यामुळे परप्रांतीय कामगारांची कुटुंबेही या भागात येऊन स्थिरावली. त्यामुळे मराठी, सिंधी आणि हिंदी या तीन भाषा येथे एकाच जिन्यावर भेटतात. व्यवहारापुरती हिंदी सर्वांनाच येते. भाजी घेताना किंवा पास काढताना ती कोठे अडत नाही. परंतु या भाषांच्या सीमेवरून एखादे लग्न जुळू लागले, म्हणजे या व्यवहारी हिंदीचा तोकडेपणा उघडा पडतो.

उदाहरणादाखल असे समजू, की येथील एका मराठी कारकुनाने आपल्या वाग्दत्त वधूसाठी पत्रात एक वाक्य लिहिले : ‘तुझ्या आठवणीने माझे मन व्याकुळ झाले आहे.’ मराठी पत्रात हे वाक्य शोभते. मात्र वधू हिंदीभाषक असल्याने, भेट झाल्यावर तो तेच तिला म्हणून दाखवतो : ‘तुम्हारी याद से मेरा मन व्याकुल हो गया है.’ व्याकरणाची चूक येथे शोधूनही सापडणार नाही. तरीही ऐकणारीला हसू येते, किंवा हा मनुष्य पाठ केलेले बोलतो आहे, अशी शंका येते. भावना खरी असूनही शब्द खोटे वाटतात, आणि अशा प्रसंगी शब्दांवरूनच भावनेची परीक्षा होत असल्याने नुकसान लहान नसते.

दोष कोठे आहे, हे पाहण्यासाठी आधी मूळ मराठी वाक्यच तपासावे. ते तरी मराठीत कोणी तोंडाने बोलेल काय? बोलताना ‘माझे’चे ‘माझं’ होते आणि ‘झाले आहे’चे ‘झालंय’ होते. मराठीने लेखनाची आणि बोलण्याची वाट प्रामुख्याने शब्दांच्या शेवटांत वेगळी केली आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही हा भेद मान्य केला आहे. एरवीच्या लेखनात एकारान्त रूपे वापरावीत, मात्र पात्राच्या तोंडच्या बोलण्यात अनुस्वारयुक्त रूपे लिहिण्यास हरकत नाही, असे ते सांगतात. म्हणून मराठी वाचकाला ‘माझे मन’ हे लेखी आहे, हे शेवटच्या स्वरावरून कळते आणि तो ते पत्राच्या मापाने वाचतो.

हिंदीत ही खूण नाही. ‘हो गया है’ हे जसे लिहितात, जवळजवळ तसेच बोलतात. हिंदीत लेखी आणि बोली यांतील अंतर मुख्यतः शब्दांच्या निवडीत असते. घरात ‘प्यार’ आणि ग्रंथात ‘प्रेम’, घरात ‘बेचैन’ आणि पुस्तकात ‘व्याकुल’. मराठीत मात्र ‘प्रेम’ हा शब्द स्वयंपाकघरातलाही आहे. आईचे प्रेम असते. बोलणाऱ्याने आपले रोजचे शब्द जसेच्या तसे पलीकडे नेले, आणि पलीकडे ते व्यासपीठावरचे ठरले.

ही चूक होते ती अज्ञानामुळे नव्हे, तर ओळखीमुळे. दोन बाजारपेठांत एकाच छापाचे नाणे चालते, पण त्याचे मूल्य वेगळे असते, तसे हे आहे. मराठी ‘शिक्षा’ आणि हिंदी ‘शिक्षा’ यांत किती अंतर आहे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, कारण तेथे अर्थच बदलतो. ‘प्रेम’ या शब्दात अर्थ बदलत नाही, बदलतो तो फक्त वापराचा प्रसंग. म्हणूनच ही चूक बोलणाऱ्याच्या लक्षात येत नाही आणि ऐकणाराच्या कानाला मात्र खटकते.

दुसरी अडचण वाक्याच्या बांधणीची आहे. ‘आठवणीने मन व्याकुळ झाले’ यात आठवण हे कारण आहे आणि मन हा कर्ता. हिंदी बोलीत आठवण स्वतः चालत येते : ‘तुम्हारी बहुत याद आती है.’ मराठी बोलीतही खरे वाक्य हेच आहे : ‘तुझी फार आठवण येते गं.’ म्हणजे बोलीत दोन्ही भाषा एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत. दुरावा निर्माण केला तो पत्रातल्या शैलीने. मात्र त्यातही एक तोटा उरतो. मराठीतील ‘गं’ आणि ‘रे’ या दोन लहानशा अक्षरांत जी जवळीक सामावते, तिला आजच्या नागर हिंदीत तितका सहज प्रतिशब्द नाही. तेथे ते काम ‘बहुत’ हा शब्द आणि बोलणाऱ्याचा आवाज यांना करावे लागते.

याच्या उलटही घडते. ‘तू मला आवडतेस’ हे मराठीतील साधे, बोलण्यातले वाक्य आहे. त्याचे ‘तुम मुझे पसंद हो’ असे रूपांतर केले, की मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमानंतरचा निकाल ऐकल्यासारखे वाटते. हिंदी बोलीला येथे ‘तुम मुझे अच्छी लगती हो’ हे जवळचे आहे. सिंधीत मात्र ‘वणणु’ हे क्रियापद मराठी ‘आवडणे’प्रमाणेच चालते. ज्याला आवडते तो चतुर्थीत, आणि जे आवडते तो कर्ता. म्हणजे शहाडच्या मराठी माणसाला याबाबतीत उल्हासनगरच्या शेजाऱ्याची भाषा हिंदीपेक्षा जवळची ठरावी, आणि तरीही दोघे परस्परांशी हिंदीतच बोलतात.

सर्वनामाचा प्रश्न याहून नाजूक. मराठीत ‘तू’ देवाला, आईला आणि मैत्रिणीला चालतो. हिंदीतही देवाला आणि आईला तो चालतो, पण नव्याने ओळख झालेल्या मुलीला तोच उद्धट वाटू शकतो. तेथे मधली पायरी ‘तुम’ची आहे. ती मराठीत नाही, म्हणून मराठी माणूस तिच्यावर थांबायला विसरतो आणि थेट ‘तू’ वर उतरतो, नाहीतर ‘आप’ वर चढून परका होतो.

याला उपाय काय? वाक्याचा अनुवाद करण्याऐवजी, त्या प्रसंगी त्या भाषेतील घरातील माणसे काय म्हणतात, हे ऐकून घेणे. पत्रातील वाक्याची परीक्षा सोपी आहे. ते आधी आपल्याच भाषेत मोठ्याने म्हणावे. जीभ शेवट बदलू लागली, किंवा एखादे विशेषण अडले, तर ते वाक्य डोळ्यांसाठी आहे, असे समजावे. त्यातून फक्त मूळ गोष्ट, म्हणजे आठवण येते एवढीच, उचलून दुसऱ्या भाषेत न्यावी.

अर्थात पत्र वाईट ठरत नाही. पत्र दोनदा वाचता येते, थांबत वाचता येते, आणि लिहिणारा तेथे समोर नसल्यामुळे शब्दांना त्याच्या वाटणीचेही काम करावे लागते. बोलताना माणूस समोर असतो. त्याचा आवाज आणि त्याचा संकोच आधीच बरेच सांगून गेलेले असतात, आणि शब्दांनी त्यांच्यापुढे धावण्याची गरज उरत नाही. ‘मन व्याकुळ’ पत्रातच राहावे आणि ‘बहुत याद आती है’ स्थानकावर बोलले जावे, यात दोन्ही भाषांची शोभा आहे.